तमिळ येत नाही आणि मदुरै-रामेश्वरला जायचंय: रस्ता, भाव आणि घासाघीस यांपुरती वाक्यं सांगा

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. डिसेंबरात सासूबाई, लेक आणि मी अशा तिघीच मदुरै, रामेश्वर, तंजावर करून येणार आहोत. टूर कंपनी नाही, भाड्याची गाडीही नाही. तिथल्या सरकारी बस, रिक्षा आणि पायी, असा बेत आहे. तमिळ आम्हा तिघींपैकी कुणालाच येत नाही.

बाजारातून एक तमिळ संभाषणाचं पुस्तक आणलं, पण त्यातली वाक्यं फारच लांबलचक आहेत. बसच्या दारात उभं राहून कंडक्टरला एवढं कसं म्हणायचं? मला मोजकं हवंय. रस्ता कसा विचारायचा, भाव कसा विचारायचा आणि समोरच्याला वाईट न वाटू देता थोडं कमी करून कसं मागायचं, एवढंच.

माझी खरी अडचण मात्र पुढची आहे. प्रश्न पाठ करता येईल, पण उत्तर धडाधड तमिळमध्ये आलं की काय करायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

सह्याद्रीवेडा

ताई, अजिबात काळजी करू नका, सोपं आहे. मी गेलोय तिकडे. एवढं लिहून घ्या:

Enna vilai? म्हणजे किंमत काय?
Enge irukku? म्हणजे कुठे आहे?
Thirumbunga म्हणजे वळा. (थिरुम्बुंगा)
Nandri म्हणजे धन्यवाद.

आणि घासाघिशीचा नियम एकच. तो जे सांगेल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करायची. पर्यटक दिसला की दुप्पट सांगतातच. प्रत्येकाला अण्णा म्हणायचं, काम होतं.

कावेरीकाठचा

मी कुंभकोणमचा. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, असंच वाढलो. आमच्याकडची मराठी तुम्हाला जरा जुनी वाटेल, पण इथे लिहिताना सांभाळून लिहितो.

सह्याद्रीवेडा यांनी दिलेले शब्द चूक नाहीत, पण दोन गोष्टी बदला. पहिली म्हणजे तमिळ शब्द रोमन लिपीत लिहून घेऊ नका. तमिळ माणूस रोमनमध्ये th लिहितो तेव्हा त्याला बहुतेक वेळा आपला त म्हणायचा असतो. तो शब्द "तिरुंबुंगा" आहे. "थिरुम्बुंगा" म्हटलंत तर ऐकणारा क्षणभर अडखळेल. रोमनमध्ये zh दिसला तर त्याचा झ करू नका. बोलताना तिथे बहुतेकांचा ळच होतो आणि ळ तर आपल्या घरचाच आहे. देवनागरीत लिहून घेतलंत तर तुमचा उच्चार हिंदीवाल्यांपेक्षा कितीतरी बरा येईल. मी खाली जिथे शब्दाच्या शेवटी आ लिहिलाय तो आखूड म्हणा. तिथे खरं तर अ आहे, पण मराठीत शेवटचा अ आपण खाऊन टाकतो, म्हणून काना दिलाय.

दुसरी गोष्ट, "नन्द्रि" हा भाषणातला शब्द आहे. कळेल सगळ्यांना, पण भाजीवालीला कुणी नन्द्रि म्हणत नाही. "थँक्स" म्हणा किंवा नुसतं हसून "सरि" म्हणा. सरि म्हणजे बरं, ठीक.

सगळ्यात कामाचं आहे ते "ंगा". हे शेपूट लावलं की बोलणं आदराचं होतं. "सोल्लु" म्हणजे सांग, "सोल्लुंगा" म्हणजे सांगा. "पो" म्हणजे जा, "पोंगा" म्हणजे जा ना तुम्ही. अनोळखी माणसाला, मग तो रिक्षावाला असो की फुलवाली, नेहमी ंगा लावूनच बोलायचं. किंमत विचारतानासुद्धा "एव्ळो?" म्हणजे "किती?" आणि "एव्ळोंगा?" म्हणजे "किती हो?" या एका अक्षराने पुढचं सगळं बोलणं मऊ होतं. पुस्तकातलं "कृपया" वगैरे पाठ करण्याची गरजच उरत नाही.

बेळगाववाला

आमच्याकडं कन्नडात "एष्टु" म्हंटात. मी दुकानात मराठी, रिक्षात कन्नड, हापिसात दोन्ही बोलतोय. दक्षिणेच्या चारी भाषा सारख्याच आहेत हो, एक आली की झालं. एष्टु म्हणा, तमिळवाल्यालाबी समजतंय. हुबळीत माझं कधी अडलं नाही.

कावेरीकाठचा

हुबळीत कन्नडच चालणार, दादा. मदुरैत "एष्टु" म्हटलंत तर एखादा समजेलही, पण भरवसा नको. किती याला कन्नडात एष्टु, तेलुगूत एंत, मल्याळममध्ये एत्र आणि तमिळमध्ये एव्ळो. वाक्याची घडण सारखी आहे हे तुमचं म्हणणं बरोबर, म्हणून कन्नड येणारा माणूस तमिळ लवकर शिकतो. पण गोदाकाठ ताईंना शिकायला महिने नाहीत, त्यांना चार शब्द हवेत आणि ते त्याच गावचे हवेत.

अंकुश_पनवेल

मदुरैहून रामेश्वरला ट्रेनने जा, समुद्रावरच्या पुलावरून जाताना फार छान वाटतं. रामेश्वरात बावीस तीर्थांचं स्नान आहे, त्यामुळे सुके कपडे वेगळ्या पिशवीत ठेवा. मदुरैच्या मीनाक्षी मंदिरात मोबाईल नेऊ देत नाहीत, बाहेर जमा करावा लागतो. अंगभर कपडे घाला. राहायला स्टेशनजवळच बघा.

गोदाकाठ

अंकुशदादा, धन्यवाद. मोबाईल जमा करावा लागतो हे माहीतच नव्हतं. म्हणजे देवळातून बाहेर पडलो आणि रस्ता चुकला तर फोनवर बघून बोलायची सोय नाही. मग तर पाठच हवं.

कावेरीकाठचे काका, रस्त्याचं सांगा ना. "एंगा इरुक्कु" विचारलं की समोरून काय येईल?

कावेरीकाठचा

म्हणूनच "कुठे आहे" हा प्रश्न मी तुम्हाला शेवटी विचारायला सांगेन. कुठे विचारलं की समोरचा अर्धा मिनिट बोलतो. त्याऐवजी हात दाखवून विचारा: "कोयिल, इंदा पक्कमा?" म्हणजे देऊळ, या बाजूला का? आता त्याला बोलायला फार जागा नाही. "आमा" आलं तर हो. "इल्ला" आलं तर नाही, आणि त्याबरोबर त्याचा हात खरी दिशा दाखवेल. तुम्ही फक्त हाताकडे बघायचं. दोन चौक चालून झाले की दुसऱ्याला हेच विचारायचं. एकाच माणसाकडून पूर्ण रस्ता समजून घ्यायच्या फंदात पडू नका.

कानावर पडतील असे शब्द थोडेच आहेत. "नेरा पोंगा" म्हणजे सरळ जा. डाव्या-उजव्यासाठी बहुतेक लोक लेफ्ट-राइटच म्हणतात. "पक्कम दान" म्हणजे जवळच आहे. "मुन्नाडि" पुढे आणि "पिन्नाडि" मागे. "दूरम" तुम्हाला सांगायला नको. तेव्हा "नडंदु पोगलामा?" म्हणजे चालत जाता येईल का, हे विचारून ठेवा, सासूबाई बरोबर आहेत म्हणून मुद्दाम सांगतो.

बसचं वेगळं आहे. पाट्या बहुतेक तमिळ लिपीत. दाराशी जाऊन विचारायचं: "इंदा बस रामेश्वरम पोगुमा?" म्हणजे ही बस रामेश्वरला जाईल का. इथे एक मेख आहे. याचं उत्तर हो किंवा नाही असं येतंच असं नाही. जात असेल तर कंडक्टर म्हणेल "पोगुम". जात नसेल तर "पोगादु". दोन्हींची सुरुवात एकच, आणि गोंगाटात पहिलं अक्षर ऐकून माणूस चढून बसतो. शेवट ऐका. शेवटी "आदु" आलं की नाही. तसंच "तेरियुम" माहीत आहे, "तेरियादु" माहीत नाही.

मदुरैत बाहेरगावच्या बसचीही स्थानकं वेगवेगळी आहेत. रामेश्वर आणि तंजावरसाठी माट्टुतावणि, कोडैकनालसाठी आरपाळयम. स्टेशनजवळचं पेरियार स्टँड मुख्यतः शहराच्या बसचं. रिक्षात बसताना नुसतं "बस स्टँड" म्हणू नका, नाव घ्या.

भटकंती_मीनल

मदुरैबद्दल एक भर घालते. मंदिराभोवतीचे रस्ते चौकोनात चौकोन असे आहेत आणि त्यांना तमिळ महिन्यांची नावं आहेत: आडि, चित्तिरै, आवणि मूल, मासि. एकाच नावाचा रस्ता चारी बाजूंनी फिरतो, म्हणून त्यापुढे दिशा लावतात. नुसतं मासि वीदि विचारलंत तर लोक विचारतात, कुठली?

त्यामुळे मदुरैत लेफ्ट-राइटपेक्षा चार दिशा पाठ करा असं मी म्हणेन. वडक्कु उत्तर, तेर्कु दक्षिण, किळक्कु पूर्व, मेर्कु पश्चिम. रस्त्यांच्या नावात पूर्वेला "कीळ" आणि पश्चिमेला "मेल" लागतं. आता कीळचा दुसरा अर्थ खाली आणि मेलचा वर. आमच्या गटातल्या एका काकूंना कुणीतरी "मेल मासि वीदि" सांगितलं, बरोबरच्या माणसाने "मेल म्हणजे वर" असा अर्थ लावला आणि त्या चढ शोधत राहिल्या. तिथे मेल म्हणजे पश्चिम.

रेल्वे स्टेशन देवळाच्या पश्चिमेला आहे. स्टेशनवरून टाउन हॉल रोडने सरळ चालत गेलं की पश्चिम गोपुरापाशी पोचतो. चपला आणि मोबाईल जिथे ठेवले त्या गोपुराचं नाव आत जाण्याआधी लेकीकडून घोकून घ्या. चारी गोपुरं बाहेर पडताना सारखी वाटतात आणि आत फिरून दिशा हरवते. बाहेर आल्यावर "मेर्कु गोपुरम, इंदा पक्कमा?" एवढं पुरतं.

सह्याद्रीवेडा

हे इंदा पक्कमा आवडलं, लिहून घेतलं. पण भावाचं काय? मी अजूनही म्हणतो, निम्म्यापासून सुरू करा.

कावेरीकाठचा

भावाच्या आधी आकडे. इथेच सगळे फसतात आणि यावर पुस्तकं पान उलटून पुढे जातात.

एक ते दहा असे: ओन्नु, रेण्डु, मूणु, नालु, अंजु, आरु, एळु, एट्टु, ओंबदु, पत्तु. हे बोटांवर येतात, पण बाजारात एक ते दहाचा उपयोग कमी. तुमच्या कानावर पडणार आहेत ते दशक आणि शतक. त्यातली तीन नीट ऐका:

अंबदु 50
एंबदु 80
ओंबदु 9

फरक फक्त पहिल्या स्वराचा. रिक्षावाला एंबदु म्हणाला आणि तुम्ही पन्नासची नोट पुढे केली की तो वैतागतो आणि तुम्हाला वाटतं, हा मध्येच भाव वाढवतोय. प्रत्यक्षात कुणीच फसवत नसतं. असंच इरुवदु म्हणजे 20 आणि अरुवदु म्हणजे 60.

त्याहून मोठी गंमत नव्वदची आहे. शंभर म्हणजे नूरु. नव्वद म्हणजे तोण्णूरु. ऐकणाऱ्याला शेवटचं नूरु ऐकू येतं आणि तो शंभर काढतो. हजार म्हणजे आयिरम आणि नऊशे म्हणजे तोळ्ळायिरम. साडी नऊशेची असते, गिऱ्हाईक हजार समजून नको म्हणून निघून जातं. नव्वद आणि नऊशे या दोन्हींना तमिळ वरच्या पायरीचं नाव देते, एवढं लक्षात ठेवा. मधले आकडे त्यामानाने सरळ आहेत. इरनूरु 200, मुन्नूरु 300, नानूरु 400, ऐन्नूरु 500. दीडशेला "नूत्ति अंबदु", म्हणजे शंभर आणि पन्नास.

ऐकलेलं बरोबर आहे का ते तपासायला एक युक्ती आहे. आकडा परत म्हणायचा आणि शेवटी आ लांबवायचा. "अंबदा?" म्हणजे पन्नास का? चुकलं असेल तर तो लगेच सुधारून सांगेल, बहुतेक वेळा इंग्रजीत. तरीही शंका उरली तर "एळुदि काट्टुंगा" म्हणा, म्हणजे लिहून दाखवा. आकडे आपल्या ओळखीचेच लिहितात.

गोदाकाठ

काका, अंबदु-एंबदु-ओंबदु हे लेकीने भिंतीवर चिकटवलंय. तोण्णूरु मात्र मी दहादा म्हटलं तरी शंभरच वाटतं.

रिक्षात बसताना काय म्हणू? आणि तिघींचे पैसे वेगळे मागतात का?

कावेरीकाठचा

बसण्याआधी जागेचं नाव आणि "एव्ळोंगा?" मीटर टाकणारा मिळाला तर उत्तम, "मीटर पोडुंगा" म्हणून बघा, पण बहुतेक ठिकाणी भाव ठरवूनच जावं लागतं. आकडा आला की लगेच एक शब्द विचारा: "मोत्तमा?" म्हणजे सगळे मिळून का? शेअर रिक्षात माणशी भाव सांगतात आणि उतरताना तिप्पट पैसे मागितले की भांडण होतं. बरोबर किती जण आहेत हे सांगायला "मूणु पेरु", तीन माणसं.

सुट्ट्यांसाठी तुम्हाला नवा शब्द लागणारच नाही. सुटे पैसे म्हणजे "चिल्लरै". "चिल्लरै इरुक्का?" म्हणजे सुट्टे आहेत का? उरलेल्या पैशांना "बाकि" म्हणतात. महाग आहे हे सांगायला "रोंबा जास्ती" आणि भाव कमी करा याला "कम्मि पण्णुंगा". जास्ती आणि कम्मि तुम्ही लहानपणापासून बोलताय. रोंबा म्हणजे फार आणि कोंजम म्हणजे थोडं, हे दोन शिकलात की घासाघिशीचं वाक्य तयार: "कोंजम कम्मि पण्णुंगा". थोडं कमी करा ना.

निम्म्याच्या नियमाबद्दल. सह्याद्रीवेडा, देवळाबाहेर फिरत्या विक्रेत्याकडे तो कधी लागू पडेल, नाही म्हणत नाही. पण सरसकट नको. उळवर संदै म्हणजे शेतकरी बाजार, 1999 साली मदुरैपासूनच सुरू झाला. तिथे रोजचे भाव फळ्यावर लिहिलेले असतात. को-ऑप्टेक्स आणि पूंपुहार ही सरकारी दुकानं, तिथे भाव ठरलेले. अशा ठिकाणी निम्मा भाव सांगणं बरं दिसत नाही. आत गेल्यावर "फिक्स्ड रेटा?" विचारा, शेवटचा आ लांब. आमा म्हणाले की गप्प घ्यायचं किंवा सोडायचं.

भटकंती_मीनल

मी सुंगुडी साडी घेतली होती ती सांगते, म्हणजे गोदाकाठला पूर्ण बोलणं कसं होतं ते कळेल. सुंगुडी म्हणजे मदुरैची बांधणीसारखी ठिपक्यांची सुती साडी. हे काम परंपरेने तिथल्या सौराष्ट्र समाजाचं आहे आणि त्यांच्या घरची बोली गुजराती-मराठीच्या नात्यातली आहे. दुकानदार आपापसात बोलत होते तेव्हा मधले काही शब्द ओळखीचे वाटत होते. पण गिऱ्हाइकाशी ते तमिळच बोलतात.

मी बोट दाखवून म्हटलं, "अण्णा, इदु एव्ळोंगा?" तो म्हणाला, "एळनूत्ति अंबदु." एळ म्हणजे सात हे पक्कं होतं, म्हणून साडेसातशे. तरी मी परत विचारलं, "एळनूत्ति अंबदा?" "आमा." मग साडी उलगडून पदर आणि काठ बघितला, कापड हातात घेतलं. ही पायरी चुकवू नका. मालाकडे नीट न बघता भाव पाडायला लागलं की विकणाऱ्याला वाटतं, हिला घ्यायचंच नाहीये.

मग म्हटलं, "नल्ला इरुक्कु, आना कोंजम कम्मि पण्णुंगा." छान आहे, पण थोडं कमी करा. तो हसून म्हणाला, "कट्टुपडि आगादु मा." म्हणजे परवडत नाही. शेवटी आदु ऐकू आलं तिथेच नकार कळला. आता आकडा न सांगता मी दुसरी साडी उचलली आणि विचारलं, "रेण्डु एडुत्ता कोरैप्पींगळा?" दोन घेतल्या तर कमी कराल का? त्याने आत मालकाकडे बघितलं आणि कॅल्क्युलेटरवर 1,400 करून दाखवले. म्हणजे एका साडीमागे पन्नास सुटले. मी म्हटलं "सरि, कुडुंगा", द्या.

याहून खाली आला असता का? कदाचित. पण हाताने गाठी मारलेलं काम आणि त्याचा चेहरा बघून मला तेवढं पुरेसं वाटलं.

सह्याद्रीवेडा

दोन साड्यांत फक्त शंभर रुपये? मी असतो तर बाराशेला आणल्या असत्या. उठून चालायला लागायचं, हाक मारतात मागून.

भटकंती_मीनल

मारतात कधी कधी. आणि कधी नाही मारत, मग परत फिरून तीच साडी मागताना तुम्ही काय बोलणार?

कावेरीकाठचा

उठून जायचंच असेल तर ते नीट म्हणा. नको याला "वेण्डाम" हा शब्द सगळीकडे छापलेला असतो. नुसता वेण्डाम तोडल्यासारखा लागतो. "वेण्डांगा" म्हणा. त्याहून बरं म्हणजे "अप्पुरम वरेन", नंतर येते. आपण मराठीत घरातून निघताना जाते म्हणत नाही, येते म्हणतो, तसंच तमिळ माणूसही "पोयिट्टु वरेन" म्हणतो, जाऊन येते. दुकानातून काही न घेता निघताना हे म्हटलं की कुणाचा चेहरा पडत नाही.

आणि सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाने जपून वागावं. आपल्याकडे जी भवानी, तिला तमिळमध्ये "बोणि" म्हणतात. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या तासभर भाव पाडून काही न घेता उठलात तर विकणाऱ्याला मनापासून लागतं. घासाघीस करायची तर दुपारनंतर.

बेळगाववाला

बोणी आमच्याकडंबी म्हंटात की! हे बरोबर आहे.

अंकुश_पनवेल

फुलांचं कसं? माझी बायको मोगऱ्यासाठीच मदुरैला जाऊ म्हणत होती. तिथे भाव कसा करायचा?

कावेरीकाठचा

मदुरै मल्लि. देवळाबाहेर गजरा हातावर मोजून देतात, त्या मापाला "मोळम" म्हणतात, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. विचारायचं "ओरु मोळम एव्ळोंगा?" फुलाचा भाव रोज बदलतो, लग्नसराईत आणि थंडीत फारच चढतो, त्यामुळे इथे पैसे कमी करायला सांगून काही होत नाही. बायका काय करतात, दोन मोळम घेतात आणि म्हणतात "कोंजम सेर्तु कुडुंगा", थोडं जास्तीचं धरून द्या. फुलवाली चार बोटं वाढवून तोडते. गिऱ्हाईकही खूश, तीही खूश.

भाजी-फळांत दुसरी गोष्ट सांभाळा. सांगितलेला भाव बऱ्याचदा पाव किलोचा असतो. पाव म्हणजे "काल", अर्धा म्हणजे "अरै". "किलोवा, काल किलोवा?" हे आधी विचारा, मगच जास्ती की कम्मि ते ठरवा.

गोदाकाठ

एक नाजूक प्रश्न. सुरुवात हिंदीत करावी की नाही? सासूबाईंना हिंदीच सोयीची आहे. घरात याच्यावर वाद चाललाय.

सह्याद्रीवेडा

बिनधास्त करा. रामेश्वरात सगळ्यांना हिंदी येते. उत्तरेतून एवढे लोक जातात.

कावेरीकाठचा

रामेश्वरपुरतं खरं आहे. तिथल्या देवळाच्या पुजाऱ्यांची घराणी तर परंपरेने मूळची महाराष्ट्रातलीच, सासूबाईंना मराठीसुद्धा कानावर पडेल. पण मदुरैच्या रिक्षा स्टँडवर किंवा तंजावरच्या बसमध्ये मी पहिलं वाक्य हिंदीत टाकणार नाही. "तमिळ तेरियादु" म्हणा, तमिळ येत नाही. हे तमिळमध्येच म्हटलं की समोरचा स्वतःहून इंग्रजीत, खुणांनी, कधी हिंदीतही येतो. त्याने हिंदी काढली तर खुशाल हिंदीत बोला.

भटकंती_मीनल

मी इथे काकांशी पूर्ण सहमत नाही. "तमिळ तेरियादु" म्हटलं की बाहेरची बाई आहे हे जाहीर होतं आणि रिक्षाचा भाव चढतो. मी तर थेट "एव्ळोंगा"ने सुरुवात करते.

कावेरीकाठचा

बाहेरच्या आहात हे साडी नेसण्यावरून आणि पिशवीवरून त्याला आधीच कळलेलं असतं, ताई. पण रिक्षापुरतं तुमचं चालवून घेऊ. रस्ता विचारताना मात्र माझं ऐका.

गोदाकाठ

बरं, रस्त्याला काकांचं आणि रिक्षाला मीनलचं. सासूबाई म्हणतात, त्या रामेश्वरात मराठीच बोलणार.

शेवटचं एक. कुणाला काय हाक मारायची? सगळ्यांना अण्णा?

कावेरीकाठचा

अण्णा म्हणजे मोठा भाऊ. रिक्षावाला, दुकानदार, कंडक्टर यांना चालतं, तुमच्याहून थोडा लहान असला तरी. अगदी पोरगेला असेल तर "तंबि", धाकटा भाऊ. बायकांना "अक्का", वयस्कर बाईला "अम्मा", वयस्कर पुरुषाला "अय्या". पोलीस किंवा तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस असेल तर सर-मॅडम. म्हाताऱ्या फुलवालीला आजी या अर्थाने "पाट्टि" म्हणू नका, अम्माच म्हणा, काहींना पाट्टि आवडत नाही. हाक आधी, प्रश्न नंतर. "अक्का, इदु एव्ळोंगा?" आणि तुमच्या लेकीला कुणी "पाप्पा" म्हटलं तर दचकू नका, लहान मुलीला लाडाने तसंच म्हणतात.

गोदाकाठ

लेक बारावीत आहे. तिला सांगून ठेवते.